मग ते सगळं काय होतं?

प्रश्न : "महिना-दीड महिना रोज रात्री उशिरापर्यंत बोलणं, चिडवाचिडवी, 'तू नसलास की करमत नाही' वगैरे. परवा कळलं की तिचं दुसऱ्याशी जुळलंय. मग ते सगळं काय होतं? मी वाचण्यात चुकलो की तिने मला खेळवलं?"

बहुतेक वेळा दोन्ही नाही. माझंही एका मुलासोबत असंच झालं होतं, तेव्हाही दोन्ही नव्हतं, पण ते पटायला फार वेळ गेला.

जुनं चॅट एकदाच उघड, गोड वाक्यं सोड आणि फक्त भेटींचं बोलणं बघ. वार आणि वेळ कोण ठरवत होतं? माझ्याकडे त्याचे रात्रीचे मेसेज भरभरून होते, पण मी "शनिवारी सहाला?" म्हटलं की "बघू गं, कळवतो". कळवणं कधी झालंच नाही. रात्री अंथरुणात पडून लाडिक बोलायला काही लागत नाही. शनिवारची संध्याकाळ मोकळी ठेवायला मात्र काहीतरी लागतं. ती त्याने दुसरीसाठी ठेवली होती. त्यांचं 'लगेच' जुळलं असं आपल्याला वाटतं, कारण त्या दोघांचं बोलणं आपल्याला दिसत नव्हतं. म्हणून तुझ्याशी बोलताना तिला येणारी मजा खोटी ठरत नाही. हां, तिने स्पष्ट शब्द दिला असेल किंवा तुमच्यात बोलण्यापलीकडे काही घडलं असेल, तर हे लागू नाही; तेव्हा सरळ जाब विचार.

मला सगळ्यात महाग पडली ती आम्हा दोघांच्या ओळखीची एक मैत्रीण. "त्यांचं फार टिकणार नाही", "काल तुझा विषय निघाला होता", दर थोड्या दिवसांनी असं काहीतरी. हेतू चांगला असेलही, मला अजून राग आहे. डोरोथी टेनोव्ह या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 च्या आपल्या पुस्तकात अशा झपाटलेपणाला 'लिमरन्स' म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की ते आशा आणि अनिश्चितता या दोन्हींवर जगतं. स्पष्ट नकार मिळाला तर ते हळूहळू विरतं, अर्धवट आशेवर मात्र लांबत जातं. मैत्रिणीची प्रत्येक बातमी म्हणजे नेमकी ती अर्धवट आशा. बातमी आली की रात्री परत स्क्रीनशॉट, परत 'याचा अर्थ काय असेल'. तिला "त्याचं काही सांगू नकोस" असं तोंडावर सांगितलं, तेव्हा कुठे झोप लागायला लागली. तुझ्याकडेही असं कुणी असेलच, आधी तिथे दार लाव. (त्या मुलीची स्टोरी म्यूट कर, ब्लॉक नको. ब्लॉकवरून परत चर्चा होते आणि ती फिरून तुझ्याकडेच येते.)

त्या मुलीला विचारावं का? माझं मत, नको. तू तेव्हा स्पष्ट बोलला नसशील तर तीही "आपण मित्रच होतो ना" म्हणेल, आणि तुला आणखी एक अर्थ लावायचं वाक्य मिळेल.

आणि काही दिवसांनी रात्री "काय रे, गायबच झालास?" येईल. तिकडे काही बिनसलं असेल किंवा नुसती सवय असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर दे, एका ओळीत, पुढे प्रश्न न विचारता.