कुर्बानी आधी की केस आधी: निघण्यापूर्वी ठरव

बेटा, अस्सलामु अलैकुम.

काल मोमीनपुऱ्यात तू वही उघडून बसलास तेव्हा मी फारसं बोललो नाही. हजच्या मसल्यांसाठी वहीत मधोमध रेघ, डावीकडे 'हनफी', उजवीकडे 'शाफई', दोन मजहबांची दोन मतं, आणि खाली तीन लोकांनी मोबाइलवर पाठवलेली तीन वेगळी उत्तरं. तुझा चेहरा पाहून मला माझाच जुना चेहरा आठवला. घरी आलो, इशा झाली, तरी झोप येईना. म्हणून लिहितोय.

तुझी अडचण पुण्यात नवी नाही. तुझे अब्बा इथले, पिढ्यान्‌पिढ्यांचे हनफी. अम्मी दापोलीकडची, माहेर शाफई. कोकणातल्या बहुतेक घरांप्रमाणे तिने लहानपणी नमाज त्याच पद्धतीने शिकली आणि आजही तशीच पढते. आता तू आणि अम्मी एकाच गटातून हजला निघालात, गटाचे मौलाना हनफी, आणि तुला वाटतंय की दोघांनी सगळं सारखंच केलं पाहिजे. नाही केलं पाहिजे. पुढचं सगळं याच्याभोवती आहे: कोण कुणाच्या मताने चालणार हे पुण्यातच ठरवायचं, आणि तिथे गेल्यावर बदलायचं नाही.

हजचा क्रम तुला पाठ आहे, त्यावर शाई घालवत नाही. तुम्ही तमत्तूवाले. उमरा करून एहराम सोडाल, 8 जिल्हिजला मक्क्यातूनच पुन्हा एहराम बांधून मिनाला जाल. 9 तारखेला दुपार ढळल्यापासून अरफात. ते चुकलं तर हजच नाही, यावर सगळ्यांचं एकमत आहे. सूर्य मावळल्यावर मुजदलिफा, तिथे मगरिब आणि इशा एकत्र. इथवर तुझ्या दोन रकान्यांत फरक आहेत, पण तुला अडवतील असे फार नाहीत. माणसं अडकतात ती 10 तारखेला.

त्या एका दिवसात चार कामं येतात. मोठ्या जमऱ्याला सात खडे, मग कुर्बानी, मग डोकं उतरवणं म्हणजे मुंडण, किंवा केस कापणं, मग तवाफे जियारत म्हणजे काब्याच्या फेऱ्या. नबी सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी शेवटच्या हजमध्ये, हिजरी 10 मध्ये, याच क्रमाने केलं. वाद आहे तो हा क्रम बंधनकारक आहे का, यावर.

इमाम अबू हनीफांच्या मते तमत्तू करणाऱ्याला, आणि एकाच एहरामात उमरा-हज म्हणजे किरान करणाऱ्यालाही, पहिल्या तिघांचा क्रम वाजिब म्हणजे बंधनकारक आहे. खडे, कुर्बानी, हलक म्हणजे मुंडण. मागेपुढे झालं तर दम, म्हणजे हरमच्या हद्दीत आणखी एक जनावर द्यायचं. त्यांच्या बाजूने कुरआनची आयत सांगितली जाते की, कुर्बानी आपल्या ठिकाणी पोचेपर्यंत डोकं उतरवू नका. इमाम शाफईंच्या मते हा क्रम सुन्नत आहे. मोडला तर दम नाही. ते मिनातली हदीस पुढे ठेवतात. एकाने येऊन सांगितलं की माझ्या लक्षात आलं नाही, मी कुर्बानीआधीच डोकं उतरवलं. नबी म्हणाले, आता कुर्बानी कर, हरकत नाही. त्या दिवशी मागेपुढे झालेल्या ज्या कामाबद्दल विचारलं गेलं, त्याला हेच उत्तर मिळालं. हनफी बाजू म्हणते, 'हरकत नाही' म्हणजे गुन्हा नाही, भरपाई मात्र उरते. खुद्द इमामांचे दोन मोठे शागिर्द, अबू यूसुफ आणि मुहम्मद, इथे उस्तादांशी सहमत नाहीत. तेही म्हणतात, दम नाही. म्हणून आज बरेच हनफी उलमा गर्दी आणि अडचण पाहून शागिर्दांच्या मतावर चालायची मुभा देतात.

तू विचारलंस, खरं कोणतं? बेटा, हा प्रश्न तुझ्या-माझ्या आवाक्यातला नाही, आणि मिनाच्या तंबूत तर मुळीच नाही. दोन्हीकडे तराजू धरणारी माणसं आपल्यापेक्षा हजारपट जाणती होती. तुझं काम एवढंच, एकाचा हात धरायचा आणि सोडायचा नाही. निघण्याआधी ठरव.

मी हे ठरवलं नव्हतं. 2009 साली मी गेलो. कुर्बानीचे पैसे गटाच्या माणसाकडे दिले होते. 10 तारखेला खडे मारून तंबूत आलो, तर अकराच्या सुमारास त्यांचा पोरगा सांगत आला, 'कुर्बानी झाली, डोकी उतरवा.' मी उतरवलं, अंघोळ केली, शिवलेले कपडे घातले. संध्याकाळी कळलं की आमच्या गटाची जनावरं असरनंतर कापली गेली. मी सुन्न झालो. मग सुरू झालं विचारणं. शेजारच्या तंबूतले म्हणाले, दम द्या. दुसरे म्हणाले, तुम्हाला सांगितलं गेलं होतं, तुमच्यावर काही नाही. केरळचा एक शाफई बांधव म्हणाला, आमच्याकडे हा प्रश्नच नाही. आणि मी त्याच्याशी भांडलो. तुमच्याकडे सगळंच सोपं, असं त्याला म्हणालो. तो माणूस गप्प बसला. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

अकरा आणि बारा तारखेला लहान आणि मधल्या जमऱ्याला खडे मारून झाल्यावर किब्ल्याकडे तोंड करून दुआसाठी थांबायचं असतं, निवांत, लांब. मी थांबलो नाही. दोन्ही दिवस मी कुणाच्या तरी मागे मसला विचारत चाललो होतो. बाराला उसने पैसे घेऊन दम दिला. इथे आल्यावर लोक म्हणाले, उगाच दिलेस, मुभा होती. मुभा होती हे मलाही तेव्हाच कळलं होतं. पण मी हनफी म्हणून निघालो होतो. पैसे वाचतात म्हणून संध्याकाळी मत बदललं असतं, तर ते मत माझ्या सोयीचं झालं असतं, इमामांचं नाही. दिला ते बरोबर केलं. आजही देईन. चूक देण्यात नव्हती. शागिर्दांच्या मतावर चालायचं असतं तर ते पुण्यातच, आपल्या आलिमांना विचारून ठरवायला हवं होतं, म्हणजे ते मतही माझंच असतं. ठरवलं नव्हतं, ही चूक.

आता तुमचा दिवस मांडून दाखवतो, नीट वाच.

मुजदलिफा. तुझ्यासाठी वाजिब थांबणं फजरच्या वेळेपासून सूर्योदयापर्यंतच्या काळात आहे, क्षणभर का होईना. अम्मीच्या मताने रात्रीच्या उत्तरार्धात क्षणभर तिथे असणं पुरतं, आणि ती मध्यरात्रीनंतर खडेही मारू शकते. तुला पहाटेआधी मारता येत नाहीत. म्हणजे गटातल्या बायका मध्यरात्रीनंतर निघत असतील तर अम्मीने त्यांच्याबरोबर निघावं, तू मागे थांबावंस. 'आईला सोडून कसा जाऊ' म्हणून तूही रात्रीच निघालास, तर तुझं वाजिब सुटेल. तिला एकटीला पाठवायला मन घेत नसेल तर ती तुझ्याबरोबर फजरपर्यंत थांबेल, तिचं काही बिघडत नाही. सूर्य उगवल्यावर खडे मारणं तिच्याकडे उलट उत्तमच. हे दोनपैकी कोणतं, ते आत्ता ठरव. तिच्या गुडघ्यांना विचारून ठरव.

खडे झाले. अम्मीला कुर्बानीची वाट पाहायची गरज नाही. केस कापले की तिचा एहराम सुटला, फक्त नवरा-बायकोचा संबंध तवाफ आणि सईपर्यंत बंद. शाफईत तीन केस कापले तरी भागतं, हनफीत किमान चौथाई डोक्याचे, बोटाच्या पेराएवढे. तिला सांग, सगळे केस धरून पेरभर काप. दोन्ही मतांना पुरेल आणि गटातल्या बायका तिला प्रश्न विचारून हैराण करणार नाहीत.

तू मात्र थांबायचंस. जनावर कापल्याचा निरोप 'झाली' एवढ्या शब्दावर घेऊ नकोस. पैसे देतानाच विचार: कापणारा कोण, कुणाच्या नावाने, वेळ कोण कळवणार. बँकेच्या कूपनवर नेमकी वेळ कळण्याची खात्री नसते. आणि उशीर झाला तर तंबूत तळमळत बसू नकोस. तवाफे जियारत या क्रमात बांधलेला नाही. दोन चादरींतच हरमला जा, तवाफ कर, परत ये, मग निरोप आल्यावर डोकं उतरव. तवाफ मात्र बाराच्या सूर्यास्ताआधी व्हायला हवा. हे 2009 मध्ये मला कुणी सांगितलं असतं तर.

मला या क्रमात एक अर्थ दिसतो. इब्राहीम अलैहिस्सलाम यांनी आधी सैतानाला हाकललं, मग पोराच्या गळ्यावर सुरी ठेवली. अडवणाऱ्याला हटवल्यावर द्यायचं, आणि दिल्यावरच आपली सुटका. म्हणून मला वाट पाहणं जड जात नाही. पण अम्मीच्या वाटेतही अर्थ आहे: दिवस थकल्याभागल्यांचा आहे आणि नबींनी स्वतः म्हटलंय, हरकत नाही. तिला माझा अर्थ ऐकवत बसू नकोस.

एक गोष्ट तुझ्या वहीत नव्हती. शाफईत गैरमहरम पुरुषाच्या कातडीला कातडी लागली तर वुजू जातं, आणि वुजूशिवाय तवाफ होत नाही. गर्दीत हे अम्मीला रडवेल. तवाफे जियारतच्या वेळी केस कापून ती एहरामबाहेर असेल, तेव्हा हातमोजे आणि पायमोजे घालू दे. उमऱ्याच्या वेळी एहरामात हातमोजे तिला चालत नाहीत, तेव्हा लांब बाह्या. वरच्या मजल्यावर घेऊन जा. फेरी लांब पडते पण अंग लागत नाही. बरेच शाफई लोक या एका बाबतीत हनफी मतावर चालतात. तिला तसं करायचं असेल तर वुजूही हनफी मताने पूर्ण हवं: किमान चौथाई डोक्याचा मसह, आणि रक्त वाहिलं तर वुजू गेलं असं मानायचं. अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं चालणार नाही. हेही तिच्या माहेरच्या आलिमांना फोन करून आधीच ठरवा.

ते तीन मेसेज पुसून टाक. गुरुवारी असरनंतर अम्मीला घेऊन घरी ये, वही आण. तुझ्या रकान्यात फक्त तुझं लिहू, तिच्या रकान्यात फक्त तिचं, आणि दोन वेगळे कागद करू. तिचा कागद मोठ्या अक्षरात लिहायचाय, तिला चष्म्याशिवायही वाचता यायला हवा.

तुझा,
चाचा