शिफ्टच्या सुरुवातीची सात मिनिटं

प्रश्न: शिफ्ट सुरू होताना लाइनवरच्या टीमची छोटी मीटिंग कशी घ्यावी? सुरक्षा, टार्गेट, अडचणी सगळं बसेल का?

बसतं, पण उभ्याने आणि लाइनशेजारच्या बोर्डापुढेच घ्या. प्रेस शॉपचं उदाहरण देतो.

सुरक्षेला दोन मिनिटं, आणि आजचा एकच धोका. "काळजी घ्या" म्हणू नका. "तीन नंबर प्रेसखाली तेल गळतंय, पुसेपर्यंत मागून जायचं नाही" असं सांगा आणि एकाला ते परत बोलायला लावा.

टार्गेट मात्र हातात असलेल्या वेळेवरून मोजून सांगा. शिफ्टच्या ४८० मिनिटांतून जेवण-चहाची ५० आणि डाय बदलायची ४० वजा केली की ३९० उरतात. मिनिटाला दोन नग धरले तर ७८०. बोर्डावर ८४० लिहिलं असेल, तर ६० नगांची तूट सकाळीच दिसते. ती तेव्हाच वर कळवा, संध्याकाळी ऑपरेटरला जाब विचारू नका.

अडचणी फक्त नोंदवायच्या: काय अडलंय, कोण बघणार, किती वाजेपर्यंत. तोडगा तिथे शोधत बसलात तर बाकीचे ताटकळतात. तीच अडचण तिसऱ्या दिवशीही बोर्डावर असेल, तर ती सुपरवायझरच्या हाताबाहेरची आहे. प्लांट हेडकडे न्या.