नऊ वाजेपर्यंत पाणी येईल, म्हणजे नक्की कधी?

‘सोसायटीच्या ग्रुपवर मी टाकलं : “दि. १२ गुरुवार रोजी पाणीकपात असल्या कारणाने सकाळी ९ वाजेपर्यंत पाणी येईल. तरी सर्वांनी सहकार्य करावे.” निम्मे लोक नऊपर्यंत पाण्याची वाट बघत बसले आणि मग मलाच बोलले. “तरी” चुकलं का?’

‘तरी’ निर्दोष आहे. गोंधळ ‘पर्यंत’ने केलाय. ‘पाहुणे नऊपर्यंत थांबतील’ यात थांबणं नऊला संपतं. ‘पाहुणे नऊपर्यंत येतील’ यात मात्र येणं नऊच्या आत व्हायचं असतं. थांबणं चालू राहणारं, पोचणं एका क्षणाचं. ‘पाणी येणे’ दोन्हीकडे बसतं : नळाला तासभर पाणी येतं (वाहतं) आणि पाणी आलं का, असंही विचारतो (सुरू झालं का). म्हणून तुमचं वाक्य दोन उलट अर्थांनी वाचलं गेलं, आणि व्याकरणाने दोन्ही बरोबर! पाण्याच्या सूचनेत ‘येईल’ टाळावं. ‘नऊपर्यंत चालू राहील’ किंवा ‘नऊच्या आत सुरू होईल’ लिहिलं की वाद मिटला.

‘पाणीकपात’ही इथे नको. कपात म्हणजे काही भाग कमी करणं. मुंबईत जून २०२४ मध्ये १० टक्के पाणीकपात होती, म्हणजे पाणी येत होतं, कमी येत होतं. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी होतं ते ‘पाणी बंद’. कपात वाचणारा एखादी बादली जास्त भरतो, बंद वाचणारा पिंप भरतो.

‘तरी’ म्हणजे इथे ‘तेव्हा, म्हणून’. पत्रांतला आणि अर्जांतला हा जुना वापर आहे, खुशाल ठेवा. पण त्यापुढे ‘सहकार्य करावे’ म्हणजे लोकांनी करायचं काय? ते काम लिहा.

‘असल्याकारणाने’ हा एक शब्द आहे. तोडला की ‘असल्या माणसांच्या नादी लागू नये’ मधला ‘असल्या’ डोकावतो. सरळ ‘असल्यामुळे’ लिहावं. ‘रोज’ म्हणजेच दिवस, त्यामुळे ‘गुरुवार रोजी’ऐवजी ‘गुरुवारी’ पुरे. तारीख सोबत ठेवलीत ते छान. नुसतं ‘उद्या’ लिहिलं असतं तर रात्री साडेबाराला ग्रुप उघडणाऱ्याने शुक्रवार धरला असता.

नऊपर्यंतचं पाणी तुमच्या गच्चीवरच्या टाकीतलं असणार, असं धरून मी असं लिहीन :

‘गुरुवार, १२ फेब्रुवारी : महापालिकेचे पाणी दिवसभर बंद आहे. आपल्या टाकीतले पाणी सकाळी ९ वाजेपर्यंत चालू राहील, नंतर वॉचमन व्हॉल्व्ह बंद करतील. शुक्रवारी सकाळी पाणी उशिरा आणि कमी दाबाने सुरू होईल. तरी बुधवारी रात्रीच पिण्याचे पाणी भरून ठेवावे.’