तिप्पट सांगणाऱ्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडे का येतात

प्रश्न: रस्त्यावरच्या बाजारात कुर्त्यांचा स्टॉल लावणार आहे. लोक भाव करणारच, मग सुरुवातीला किती सांगायचं? दुप्पट की तिप्पट? काही ठराविक हिशोब असतो का?

तिप्पट अजिबात नाही. "तिप्पट सांग, गिऱ्हाईक अर्ध्यावर येतंच" हे वाक्य मी लग्न होऊन आले तेव्हापासून थोरल्या भाऊजींच्या तोंडून ऐकत आले आहे. ते चूक आहे हे मी त्यांना माल विकून दाखवलं, तरी ते मानत नाहीत. तुम्ही तरी माना.

आमची पथारी पुण्यात तुळशीबागेच्या गर्दीत, माल पर्सचा. मुंबईला क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांतून लॉट आणतो. कुर्त्यांतलं मला फारसं कळत नाही, पण भाव कसा बांधायचा ते पर्सवरून सांगते.

रेक्झिनची दोन पट्ट्यांची पर्स १४० ला घेतली असं धरा. गाडीभाडं आणि हमाली पकडून १४८ होते. दोन डझनांत एखादीची चेन हमखास गेलेली असते, म्हणजे चोवीसचे पैसे तेवीसांतून काढायचे, पर्स १५५ ला पडली. पोऱ्याचा रोज, रात्री गाठोडी ठेवायच्या जागेचं भाडं, पिशव्या, चहा असा दिवसाचा ६०० खर्च आणि दिवसाला वीसेक पर्स जातात, म्हणजे पर्समागे आणखी ३०. झाले १८५. याच्या खाली विकलं की घरून घालावे लागतात. म्हणून माझा शेवटचा भाव २०० आणि मला मनापासून हवा असतो तो २५०. अडीचशे हा आकडा असाच धरलेला नाही. बायका पर्समध्ये पाचशेची नोट घेऊन येतात, आणि पाचशेत दोन म्हटलं की मायलेकी दोन उचलतात.

आता सांगायचा भाव. तुळशीबागेत अर्धी किंमत मागायची असं घराघरांत शिकवलेलं असतं. तुम्ही ३५० म्हणालात तर समोरून १७५ किंवा २०० येणार, आणि व्यवहार साधारण मधोमध मिटतो. साडेतीनशे आणि पावणेदोनशेचा मध्य २६२. म्हणजे हवे असलेले अडीचशे आरामात मिळतात. तीनशे सांगितले तर मध्य सव्वादोनशेवर येतो, ते कमी पडतात. थोडक्यात, हव्या असलेल्या भावाच्या वर त्याचाच एक तृतीयांश चढवा आणि पुढच्या पन्नासावर न्या. खरेदीची दुप्पट-तिप्पट करू नका. हिशोब हव्या असलेल्या भावापासून उलटा करायचा, आणि तो ठरवायच्या आधी गिऱ्हाईक बनून आख्खी रांग फिरून यायची.

भाऊजी म्हणतात, मग साडेचारशे सांग, मध्य ३३७ येईल! कागदावर येतो. एका गणपतीत आम्ही एकच लॉट अर्धा अर्धा वाटून घेतला होता. ते कोपऱ्यावर, मी चार पथाऱ्या आत. एक बाई लेकीला घेऊन आली, मरून पर्स हातात घेऊन त्यांना भाव विचारला. "साडेचारशे." तिने काही मागितलंच नाही. पर्स खाली ठेवली आणि पुढे निघाली. भाऊजींनी मागून हाक मारली, "चला ताई, अडीचशेला घ्या!" तिने वळूनही पाहिलं नाही. तीच बाई माझ्याकडे तीच पर्स उचलून उभी राहिली. मी साडेतीनशे सांगितले. ती म्हणाली दोनशे. मी ३२०, ती २२०. मी ३००, ती २३०. मी २९० वर थांबले आणि म्हटलं, "लेकीलाही घ्या, दोन पाचशेला." दोन घेऊन गेली.

रात्री भाऊजी सगळ्यांसमोर म्हणाले, "तू मार्केट पाडतेस." ते मला आजही लागतं. मार्केट मी नव्हतं पाडलं. साडेचारशेवरून एका हाकेत अडीचशेवर उतरणारा माणूस भाव पाडतो. दोनशे एका झटक्यात सुटले की बाईला कळतं, पहिला आकडा खोटा होता. मग अडीचशेवरही तिचा विश्वास बसत नाही, ती दीडशे मागते किंवा निघून जाते. उतरताना पायरी लहान लहान होत गेली पाहिजे. आधी तीस, मग वीस, मग दहा. दहावर आलात की तिला आपोआप समजतं की तळ जवळ आला. तिप्पट सांगणाऱ्याला असं उतरायला वेळ नसतो, कारण त्याला फार खाली यायचं असतं.

आणि दुसरं. भाऊजींना "एक चारशेला गेली" हे लक्षात राहतं, ते अजून सांगतात. न बोलता खाली ठेवून गेलेल्या बायका त्यांच्या हिशोबात कुठेच नाहीत. मी त्या गणपतीत वहीच्या मागच्या पानावर त्यांच्यासाठी रेघ ओढायला लागले. भाव विचारून काहीही न मागता गेली की एक रेघ. भाव चुकला आहे का ते ओळखायचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. रेघा भराभर वाढल्या तर सांगायचा भाव जास्त आहे. बायका घासाघीस न करता पैसे काढायला लागल्या तर कमी आहे, दुसऱ्या दिवशी पन्नास वाढवा. कमी भाव मागून, रुसून, दोन पावलं जाऊन परत येत असतील तर भाव बरोबर आहे, त्याला हात लावू नका. भाऊजींच्या अर्ध्या लॉटमधल्या बऱ्याच पर्स दिवाळीनंतरही पडून होत्या. रेक्झिनला घड्यांवर तडे गेले आणि शेवटी "कोणतीही घ्या शंभर" करून काढाव्या लागल्या. पाडलेला भाव तो.

माणूस बघून भाव सांगायचा सल्लाही कोणी देईल. रस्त्यावर ते चालत नाही, मागे उभी असलेली बाई आधीचा आकडा ऐकत असते. सांगायचा भाव सगळ्यांना एकच, फरक उतरण्यात पडू दे.

हे सगळं पर्ससारख्या दोन-चारशेच्या मालाला आणि शेजारी तोच माल असलेल्या बाजाराला लागू आहे. क्लिपा-रबरं वीस रुपयांची असतील तर घासाघीस परवडतच नाही, एकच भाव बोलायचा. सणाच्या आदल्या शनिवारी गर्दीत बोलायला वेळ नसतो, तेव्हा मी थेट तीनशे सांगते आणि फार तर वीस सोडते. भवानीच्या वेळी १५५ ला आलेली पर्स मी १७० लाही देते, कारण पोऱ्याचा रोज तिच्यावाचूनही द्यायचाच असतो. पण ते पहिल्या गिऱ्हाइकापुरतं. आठवडी बाजारात, जिथे तीच माणसं दर आठवड्याला येतात, तिथे एक तृतीयांशही जास्त होईल, कारण मागच्या वेळी कितीला दिलंत ते त्यांना पाठ असतं.

कुर्त्यांचं एवढंच सांगू शकते की शेवटी एकेकच साइज उरतात, त्यांचा तोटा त्या दोन डझनांतल्या चेनसारखा आधीच खरेदीत धरा. आणि स्टॉलवर पोऱ्या ठेवणार असाल तर त्याला फक्त सांगायचा भाव देऊन ठेवू नका. शेवटचा भावही सांगा, नाहीतर दर गिऱ्हाइकामागे तो तुम्हाला हाक मारून विचारेल आणि बाईला तिथेच कळेल की अजून उतरायला जागा आहे.