'स्ट्राँग फिट'ला 'सशक्त' म्हणू नका

प्रश्न : आमच्याकडे भरतीच्या टिपा आता मराठीत लिहायच्या ठरल्या आहेत. विभागप्रमुखांना एखाद्या उमेदवाराबद्दल कळवताना 'स्ट्राँग फिट', 'पार्शल फिट', 'वीक फिट' यांना काय लिहावे? मी 'सशक्त, आंशिक, कमकुवत' लिहिले तर सगळे हसले.

हसणारच. 'सशक्त' आणि 'कमकुवत' हे शब्द माणसाच्या अंगाला चिकटतात, त्याच्या आणि कामाच्या नात्याला नाही. 'तगडा उमेदवार' म्हटले की निवडणूक डोळ्यांपुढे येते. 'अनुरूप' अचूक आहे, पण त्याला स्थळ पाहण्याचा वास आहे. 'अर्धवट' तर चुकूनही लिहू नका, तो अपमान आहे.

नामाऐवजी क्रियापद घेतले की अडचण सुटते : 'या कामाशी चांगले जुळतात', 'काही अंशी जुळतात', 'जुळत नाहीत'. बोलताना आपण 'त्या जागेवर फिट बसतो' म्हणतोच, तेही चालेल. 'चपखल बसतात' मात्र क्वचितच वापरा. प्रत्येक टिपेत चपखल आला की विभागप्रमुख तो वाचायचे सोडून देतात.

'पात्र' आणि 'योग्य' यांत गल्लत नको. पात्रता म्हणजे जाहिरातीतली अट : पदवी, वय, परवाना. ती असते किंवा नसते, म्हणून 'अंशतः पात्र' हा प्रयोग पटत नाही. पदवी आहे पण काम जमेलसे दिसत नाही, अशा माणसाला 'अपात्र' लिहिले तर ते खोटे ठरते आणि पुढे त्याने विचारले तर उत्तर देता येत नाही. त्याच्यापुढे 'पात्र आहेत, पण या कामाशी जुळत नाहीत' एवढेच लिहावे.

खरी गोम मात्र 'काही अंशी'मध्ये आहे. कोणत्या अंशी, हे पुढच्याच वाक्यात आले नाही तर टीप कोरीच राहते. लेखा सहायकाच्या जागेसाठी, छोट्या कारखान्यातली, ती अशी लिहिता येईल (तपशील कल्पित) :

'काही अंशी जुळतात, मुलाखतीला बोलवावे. सीए कार्यालयात पाच वर्षे. ग्राहकांची जीएसटीआर-१ आणि ३बी दरमहा स्वतः भरतात. २बीशी खरेदी नोंदवहीचा मेळ कसा घालतात, हे विचारल्यावर पुरवठादाराने बिल उशिरा दाखवल्यास काय करतात इथपर्यंत नीट सांगितले. टॅलीत साठ्याच्या नोंदी ठेवलेल्या नाहीत; जॉबवर्कच्या चलनांशी संबंध आलेला नाही. नोटिस ६० दिवस. मुलाखतीत विचारावे : जॉबवर्कला गेलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही तर?'

शेवटचा प्रश्न मुद्दाम आहे. जीएसटीच्या नियमानुसार जॉबवर्कला, म्हणजे दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घ्यायला, पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत आला नाही किंवा तिथूनच विकला गेला नाही, तर तो पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असे धरतात आणि कर व्याजासह भरावा लागतो. उमेदवाराला उत्तर आले नाही तरी 'चलनाच्या तारखांची यादी ठेवावी लागेल' एवढे सुचले, तर उणीव शिकून भरण्यासारखी आहे. त्यामुळे 'काही अंशी'चे पुढे 'जुळतात' होईल की 'जुळत नाहीत', हे विभागप्रमुखांना स्वतः ठरवता येते.

आता क्रियापदांकडे पाहा. 'जीएसटी येते' आणि 'जीएसटीची विवरणपत्रे दरमहा भरतात' यांत फार अंतर आहे. 'येते' हा उमेदवाराचा दावा असतो. 'भरतात' लिहायचे तर तुम्ही खोदून विचारलेले हवे. जे फक्त बायोडाटात वाचले तिथे 'बायोडाटात म्हटले आहे' असे लिहा, तोंडी ऐकले तिथे 'सांगतात', आणि कागद पाहिला असेल तिथेच 'पाहिले'. सरसकट 'आहे' लिहिले की चाळीस ओळींचा बायोडाटा तुमच्या सहीने खरा ठरतो. उलट टोकाला 'बरे वाटले', 'स्वभाव छान' ही वाक्ये जातात. त्यातून कामाचे काहीच कळत नाही.

आदरार्थी बहुवचन ठेवा, म्हणजे 'जुळतात', 'भरतात'. 'जुळतो' लिहिले तर उर्मट वाटते, शिवाय उमेदवार बाई असल्या की 'जुळते' करत बसावे लागते. 'आंशिक' व्याकरणाने शुद्ध आहे, पण शाळेच्या अनुदानाच्या कागदातही 'अंशतः अनुदानित' असेच म्हणतात. तोच 'अंशतः' इथे हवा असेल तर 'अंशतः जुळतात' खुशाल लिहा.