हृदयचक्राचा तक्ता: ओळी कुठे तोडाव्यात?

हृदयचक्राच्या नोट्स वेळ, दाब, झडपा आणि आवाज अशा तक्त्यात बसवायच्या आहेत. ओळी कशा पाडू?

झडप उघडते किंवा मिटते तिथेच नवी ओळ पाडा, आणि मायट्रल झडप मिटण्याचा क्षण म्हणजे ० सेकंद धरा. झडपा दाबातल्या फरकानेच हलतात, त्यामुळे दाबाचा रकाना आधी भरला की बाकीचे त्यावरून ठरतात. मिनिटाला ७५ ठोके धरले तर चक्र ०.८ सेकंदाचे होते. डावी बाजू अशी:

- ० ते ०.०५: दोन्ही झडपा बंद, जवनिकेचा दाब सुमारे १० वरून ८० मिमी पारा, सुरुवातीला पहिला आवाज.
- ०.३ पर्यंत: महाधमनीची झडप उघडी, दाब १२० पर्यंत चढून उतरतो, आवाज नाही.
- ०.३८ पर्यंत: पुन्हा दोन्ही बंद, दाब कोसळतो, सुरुवातीला दुसरा आवाज.
- ०.८ पर्यंत: मायट्रल उघडी, जवनिका भरते, शेवटच्या ०.१ सेकंदात अलिंद आकुंचन पावते.

'दोन्ही बंद' ही ओळ एकदाच आली असेल, तर तक्ता चुकलाय. निरोगी झडप उघडताना ऐकू येत नाही, म्हणून आवाज मिटण्यापाशीच लिहा. मात्र या वेळा विश्रांतीतल्या आहेत. ठोके वाढले की सर्वात जास्त आखडते ती शेवटची ओळ.