एक किलो कोळसा जाळायला लागणारी हवा: ६.२८ की ५.९३?

प्रश्न: कोळशाचं वजनी पृथक्करण असं दिलंय: कार्बन ४५%, हायड्रोजन ३%, ऑक्सिजन ८%, गंधक ०.५%, नायट्रोजन १%, ओलावा ८%, राख ३४.५%. १ किलो कोळसा पूर्ण जळायला कमीत कमी किती किलो हवा लागेल? माझं उत्तर ६.२८ येतंय, पुस्तकात ५.९३ आहे. कुठे चुकतंय?

उत्तर:

तुमची बाकीची रीत बरोबर असणार. कोळशातला ८% ऑक्सिजन वजा करायचा राहिलाय. ६.२८ आणि ५.९३ यांतला फरक ०.३५ किलोचा आहे, आणि ०.०८ ला ०.२३ ने भागलं की नेमका तोच आकडा येतो.

गणित पहिल्यापासून मांडू. जळणारे घटक तीनच: कार्बन, हायड्रोजन आणि गंधक. त्यांना लागणारा ऑक्सिजन समीकरणांवरून निघतो.

C + O₂ → CO₂ : १२ किलो कार्बनला ३२ किलो ऑक्सिजन, म्हणजे १ किलोला ८/३ किलो.
2H₂ + O₂ → 2H₂O : ४ किलो हायड्रोजनला ३२ किलो, म्हणजे १ किलोला ८ किलो.
S + O₂ → SO₂ : ३२ किलो गंधकाला ३२ किलो, म्हणजे १ किलोला १ किलो.

आता १ किलो कोळशासाठी:

कार्बन: ०.४५ × ८/३ = १.२०० किलो
हायड्रोजन: ०.०३ × ८ = ०.२४० किलो
गंधक: ०.००५ × १ = ०.००५ किलो
बेरीज = १.४४५ किलो ऑक्सिजन

यातला ०.०८ किलो ऑक्सिजन कोळशाच्या रेणूंमध्ये आधीच बांधलेला आहे. ज्वलनात तोही शेवटी CO₂ किंवा पाण्याच्या वाफेतच जातो, म्हणून तेवढा बाहेरून आणावा लागत नाही.

हवेतून लागणारा ऑक्सिजन = १.४४५ − ०.०८० = १.३६५ किलो
हवा = १.३६५ × १००/२३ = ५.९३ किलो

नायट्रोजन, राख आणि ओलावा यांना ऑक्सिजन लागत नाही, म्हणून ते या हिशेबात येत नाहीत. तीन ओळींऐवजी एकच सूत्र हवं असेल तर हे घ्या. यात C, H, O, S हे १ किलो कोळशातले किलो आहेत, टक्के नव्हेत:

हवा = (१००/२३) × [ (८/३)C + 8(H − O/8) + S ]

आता उत्तर तपासू. मला इथे वस्तुमानाचा ताळा सगळ्यात भरवशाचा वाटतो, कारण आत गेलेलं आणि बाहेर आलेलं वजन सारखं भरलंच पाहिजे. राख सोडून कोळशाचं वजन ०.६५५ किलो. त्यात हवा ५.९३५ मिळवली की आत गेले ६.५९ किलो. बाहेर काय पडतं ते बघा: CO₂ ०.४५ × ४४/१२ = १.६५, पाण्याची वाफ ०.०३ × ९ = ०.२७, अधिक मूळचा ओलावा ०.०८, मिळून ०.३५, SO₂ ०.०१, नायट्रोजन हवेतला ५.९३५ × ०.७७ = ४.५७ आणि कोळशातला ०.०१, मिळून ४.५८. एकूण ६.५९. ताळा जुळला.

हाच ताळा ६.२८ घेऊन करा. आत जातात ६.९३८ किलो आणि बाहेर ६.८५८ दिसतात. तूट बरोबर ०.०८ किलोची, म्हणजे कोळशातला विसरलेला ऑक्सिजन. कुठला घटक सुटला हे तूटच सांगते, म्हणून परीक्षेत दोन मिनिटं हाताशी असतील तर ती इथे घालवा.

२३ की २१ याबद्दलही लिहितो, कारण त्यात पुष्कळ जण अडकतात. हवेत ऑक्सिजन आकारमानाने २१% आणि वजनाने सुमारे २३% असतो. आपण सगळा हिशेब किलोत केला, म्हणून २३ च घ्यायचा. २१ ने भागलंत तर ६.५० येईल. काही पुस्तकं २३.२ किंवा २३.३ घेतात. मग उत्तर ५.८८ किंवा ५.८६ येतं आणि ते चूक नाही, फक्त उत्तरात कोणता आकडा घेतला ते लिहा.

खरा घोळ होतो तो ओलाव्यात. इथे हायड्रोजन ३% आणि ओलावा ८% वेगळे दिलेत, तेव्हा ३% मध्ये पाण्यातला हायड्रोजन धरलेला नाही. पण काही अहवालांत ओलाव्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजनही त्या त्या आकड्यात मिसळलेले असतात. ८% पाण्यात ०.८९% हायड्रोजन आणि ७.११% ऑक्सिजन असतो, म्हणजे याच कोळशाचा अहवाल हायड्रोजन ३.८९% आणि ऑक्सिजन १५.११% असाही येऊ शकतो. दोन्ही आकडे त्याच अहवालातून घेतलेत तर H − O/8 तेवढंच, ०.०२, राहतं आणि उत्तर बदलत नाही. पाणी आधीच जळून झालेलं असल्यामुळे त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना फेडतात. मात्र हायड्रोजन एका अहवालातून आणि ऑक्सिजन दुसऱ्यातून उचलला की हवा ०.३१ किलोने जास्त किंवा कमी निघते. अशा गणितात आधी सगळ्या घटकांची बेरीज करा. ओलावा वेगळा मोजून बेरीज १०० येत असेल तर तो हायड्रोजनमध्ये धरलेला नाही. ओलावा मिळवल्यावर १०८ येत असेल तर धरलेला आहे.

तशीच नजर पृथक्करण कोणत्या कोळशाचं आहे यावरही ठेवा. राख आणि ओलावा वगळून टक्के दिले असतील तर याच कोळशात कार्बन ७८.३% दिसेल आणि हवा १०.३ किलो निघेल. ती १ किलो जळणाऱ्या भागाची हवा झाली. भट्टीत पडणाऱ्या १ किलो कोळशासाठी तिला ०.५७५ ने गुणायला हवं, की परत ५.९३ येतात. आपल्याकडच्या जास्त राखेच्या कोळशात हा फरक फार मोठा असतो.

राहिला प्रश्न ‘कमीत कमी’ या शब्दाचा. ५.९३ किलो हवा प्रत्येक कणापर्यंत बरोबर पोचली तरच पुरते, आणि भट्टीत असं मिसळणं होत नाही. कुठे हवा कमी पडली की कार्बनचा CO होतो आणि त्यातली बरीचशी उष्णता न मिळताच धुराड्यातून जाते. म्हणून जास्तीची हवा देतात. भुकटी कोळशाच्या बॉयलरला २०% जास्त धरली तर ५.९३ × १.२ = ७.१२ किलो. तेवढीच जाते का हे कोरड्या धूरवायूतल्या ऑक्सिजनवरून कळतं. या कोळशाला २०% जास्त हवा असेल तर धूरवायूत आकारमानाने ऑक्सिजन सुमारे ३.५% आणि CO₂ सुमारे १५.५% येतो. ऑक्सिजन ६% दिसत असेल तर ६/(२१ − ६) = ०.४, म्हणजे ४०% जास्त हवा. मात्र मोजण्याच्या जागेआधी नळीतून बाहेरची हवा गळून आत येत असेल तरीही हाच आकडा दिसतो. म्हणून पंखा कमी करण्याआधी भट्टीतून धूरवायू बाहेर पडतो तिथे आणि धुराड्याआधी अशी दोन ठिकाणी मोजणी करा. दुसरीकडे ऑक्सिजन वाढलेला दिसला तर ती गळती आहे.